एका मिलिबारचा हिशेब

हॉटेलच्या स्वयंपाकघराला आणि बॉयलर-घराला एकाच मीटरमधून नैसर्गिक वायू पुरवायचा असेल, तर पाइप किती मोठा घ्यायचा हा प्रश्न शेवटी एका लहानशा आकड्यापाशी येऊन थांबतो. मीटरमधून बाहेर पडताना वायूचा दाब साधारणपणे २१ मिलिबार असतो. शेवटच्या चुलीपर्यंत किंवा बॉयलरपर्यंत पोचेपर्यंत त्यातला फार तर १ मिलिबार पाइपात खर्ची पडू द्यायचा असतो. ब्रिटनमध्ये २१ मिलिबारच्या जोडण्यांसाठी हीच मर्यादा पाळली जाते. अमेरिकेत कमी दाबाच्या पाइपांसाठी जे तक्ते नेहमी वापरतात, त्यांत ती पाण्याच्या अर्ध्या इंचाइतकी, म्हणजे सव्वा मिलिबारच्या आसपास धरलेली असते. देश वेगळे, एकके वेगळी, पण मर्यादा जवळपास सारखीच.

एक मिलिबार म्हणजे किती, हे यू आकाराच्या काचेच्या नळीत पाणी भरून पाहता येते. नळीच्या एका बाजूला १ मिलिबार दाब दिला, तर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेमतेम एका सेंटिमीटरचा फरक पडतो. मीटरवरचा २१ मिलिबारचा सगळा दाबही तिथे एकवीस-साडेएकवीस सेंटिमीटर एवढाच दिसतो. सायकलच्या ट्यूबमधला दाब याच्या शंभरपटीहून जास्त असतो. पुणे-मुंबईच्या रस्त्यांखालून प्लास्टिकच्या नळ्यांतून येणारा वायू ४ बारपर्यंतच्या दाबाने येतो आणि इमारतीपाशी रेग्युलेटरने तो टप्प्याटप्प्याने उतरवला जातो. घरगुती जोडणीत तो २१ मिलिबारवर आणतात. हॉटेल, रुग्णालय किंवा कारखान्याला करारानुसार याहून जास्त दाबाचीही जोडणी मिळते. त्या पर्यायाकडे पुढे वळायचे आहे. आधी २१ मिलिबारचेच उदाहरण घेणे बरे, कारण खरी अडचण तिथेच आहे.

ही मर्यादा बर्नरमुळे आली. बर्नरच्या तोंडाशी ठरावीक छिद्राची जेट असते आणि तिच्यातून किती वायू बाहेर पडेल हे मागच्या दाबावर ठरते. हे नाते दाबाच्या वर्गमुळाचे असते. दाब २० मिलिबारवरून १७ वर आला तर उष्णता सुमारे आठ टक्क्यांनी घटते आणि १५ वर आला तर तेरा टक्क्यांनी. आठ टक्क्यांनी कमी पेटलेली चूल आचाऱ्याला लगेच जाणवत नाही, फक्त भात शिजायला वेळ लागतो आणि तळणीचे तेल मधेच थंड पडते. बॉयलरचे तसे नसते. त्याच्या बर्नरमागे बहुधा कमी दाब ओळखणारा स्विच असतो आणि दाब ठरावीक आकड्याखाली गेला की तो बर्नर बंद करतो. दाब फारच पडला तर साध्या बर्नरमध्ये ज्योत मागे सरकून जेटपाशी पेटण्याचा धोका असतो. म्हणजे पाइप लहान पडल्याची शिक्षा स्वयंपाकघराला हळूहळू आणि बॉयलरला एकदम मिळते.

पाइपातली दाबाची घट तीन गोष्टींवर अवलंबून असते आणि तिन्हींचा जोर सारखा नसतो. लांबी दुप्पट केली तर घट दुप्पट होते. प्रवाह दुप्पट केला तर घट चौपट होते. व्यासाचा परिणाम मात्र पाचव्या घाताने होतो, म्हणून व्यास निम्मा केला तर घट बत्तीस पट होते. पाइपाच्या आकाराचा सगळा हिशेब या पाचव्या घातावर उभा आहे. पाइप एका आकाराने वाढवण्याचा खर्च थोडा असतो, पण घट अर्ध्याहून खाली येते. तेच पाइप एका आकाराने कमी केला तर वाचलेल्या पैशांच्या मानाने नुकसान फार मोठे होते.

या नात्याचे जुने आणि आजही हाताशी ठेवण्याजोगे सूत्र विल्यम पोल या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. पोल १८४४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून आले होते. काही वर्षांनी प्रकृतीमुळे ते इंग्लंडला परतले आणि पुढे लंडनच्या गॅस पुरवठ्यावर देखरेख करणाऱ्या पंचमंडळात त्यांनी काम केले. कमी दाबासाठी त्यांचे सूत्र आजच्या एककांत असे लिहितात:

```
Q = 0.0071 × √( d⁵ × h / (s × L) )
```

यात Q हा ताशी घनमीटरमधला प्रवाह, d हा पाइपाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, h ही दाबातली घट मिलिबारमध्ये आणि L ही लांबी मीटरमध्ये. s म्हणजे हवेच्या तुलनेत वायूची घनता. नैसर्गिक वायूसाठी ती ०.६ धरतात, म्हणजे हा वायू हवेहून बराच हलका आहे. सूत्र जुने असल्यामुळे त्यात पाइपाचा खरबरीतपणा वेगळा मोजलेला नाही. घर्षणाचा एकच सरासरी आकडा त्यात गृहीत आहे. मोठ्या पाइपांसाठी ते किंचित जास्त घट दाखवते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. गॅस कंपन्या आणि सल्लागार आज संगणकावर अधिक नेमकी सूत्रे वापरतात, पण कागदावर पडताळा घ्यायला पोल पुरेसा आहे.

आता एक उदाहरण. पुण्यासारख्या शहरातले मध्यम आकाराचे हॉटेल घेऊ. त्याच्या बॉयलर-घरात गरम पाण्याचे आणि लाँड्रीचे दोन बॉयलर आहेत आणि स्वयंपाकघरात चुलींच्या दोन ओळी, एक चायनीज रेंज, एक तंदूर, एक डोशाचा तवा आणि एक फ्रायर. आकडे समजण्याच्या सोयीसाठी निवडलेले आहेत, पण प्रमाण वास्तवातले आहे.

पहिले काम म्हणजे प्रत्येक उपकरणाला ताशी किती वायू लागतो ते काढणे. इथे पहिली फसगत होते, कारण बॉयलरच्या पाटीवर बहुतेक वेळा तो देत असलेली उष्णता लिहिलेली असते. त्याला लागणारी उष्णता त्याहून जास्त असते. या उदाहरणातला प्रत्येक बॉयलर १८० किलोवॉट उष्णता देतो आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्के आहे, म्हणून बर्नरला २०० किलोवॉट लागतात. पाइपातून जायचे आहेत ते हे २०० किलोवॉट. ही कार्यक्षमता वायूच्या ग्रॉस उष्णतामूल्यावर काढली आहे की नेट, हेही उत्पादकाला विचारून घ्यावे लागते, कारण नैसर्गिक वायूत या दोहोंत दहा-अकरा टक्क्यांचा फरक असतो. स्वयंपाकघरातल्या उपकरणांवर पुष्कळदा किलोवॉटऐवजी ताशी इतके किलो एलपीजी असे लिहिलेले असते. एक किलो एलपीजीच्या जागी सुमारे १.३ घनमीटर नैसर्गिक वायू लागतो.

नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून सुमारे ९,००० किलोकॅलरी, म्हणजे साडेदहा किलोवॉट-तास उष्णता मिळते. म्हणून किलोवॉटला साडेदहाने भागले की ताशी घनमीटर मिळतात. दोन्ही बॉयलर मिळून ४०० किलोवॉट, म्हणजे ताशी ३८ घनमीटर. स्वयंपाकघरात चुलींच्या ओळी ८०, चायनीज रेंज ३५, तंदूर २०, फ्रायर १८ आणि डोशाचा तवा १५ असे १६८ किलोवॉट, म्हणजे ताशी १६ घनमीटर. एकूण प्रवाह ५४ घनमीटर.

सगळी उपकरणे एकाच वेळी पूर्ण जोराने चालणार नाहीत, मग थोडी सूट धरली तर काय बिघडले, हा विचार इथे साहजिकच येतो. बॉयलरच्या बाबतीत तो करूच नये. सकाळी पाहुण्यांच्या आंघोळीच्या वेळी दोन्ही बॉयलर खरोखरच पूर्ण पेटतात आणि त्याच वेळी नाश्त्याचा तवा आणि चुलीही चालू असतात. मोठ्या स्वयंपाकघरांत काही सल्लागार सूट घेतात आणि त्यामागे मोजमाप असेल तर ती योग्यही ठरते. मोजमाप नसेल तर ती नुसती काटकसर असते. या उदाहरणात सूट घेतलेली नाही.

दुसरे काम म्हणजे पाइपाचा मार्ग काढून त्याचे तुकडे पाडणे. जिथे प्रवाह बदलतो तिथे नवा तुकडा सुरू होतो. कुंपणाजवळच्या मीटरपासून ३० मीटरचा मुख्य पाइप एका टीपर्यंत येतो आणि सगळे ५४ घनमीटर त्यातून जातात. टीपासून एक फांदी १२ मीटरवरच्या बॉयलर-घरात जाते, तिच्यातून ३८ घनमीटर. तिथून प्रत्येक बॉयलरपर्यंत ६ मीटरचा पाइप, १९ घनमीटरचा. टीपासून दुसरी फांदी १८ मीटर जाऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला लागते, मग भिंतीलगतचा हेडर आणि त्यावरून प्रत्येक उपकरणाला उतरलेला छोटा पाइप. सर्वांत टोकाला तंदूर.

टेपने मोजलेली ही लांबी तशीच सूत्रात घालायची नसते. प्रत्येक एल्बोत आणि टीमध्ये वायू वळतो आणि तिथे दाब जास्त खर्च होतो. ही घट सरळ पाइपाच्या लांबीत मोजण्याची पद्धत आहे. ८० चा एक एल्बो सुमारे २.४ मीटर सरळ पाइपाइतका दाब खातो आणि ५० चा दीड मीटरइतका. टीमधून प्रवाह बाजूच्या फांदीत वळला तर तो त्याच मापाच्या दोन एल्बोंइतका धरतात. मुख्य पाइपावर चार एल्बो असल्याने ३० मीटरचे ४० झाले. बॉयलर-घराच्या फांदीचे १२ चे २२ आणि बॉयलरपर्यंतच्या शेवटच्या तुकड्याचे ६ चे १२. लहान तुकड्यांत लांबी दुप्पट होते, ही बाब नकाशावर डोळ्यांना दिसत नाही. एल्बोची लांबी पाइपाच्या व्यासावर अवलंबून असते आणि व्यास तर अजून ठरायचा आहे. म्हणून आधी एक अंदाज धरायचा, हिशेब करायचा आणि व्यास बदलला तर लांबी पुन्हा काढायची.

मीटरपासून बॉयलरपर्यंतची एकूण लांबी अशी ७४ मीटर झाली. आता हातात १ मिलिबारचे अंदाजपत्रक आहे आणि ते तीन तुकड्यांत वाटायचे आहे. लांबीच्या प्रमाणात वाटणे हा सर्वांत सोपा मार्ग. मुख्य पाइपाला ०.५४, बॉयलर-घराच्या फांदीला ०.३० आणि शेवटच्या तुकड्याला ०.१६ मिलिबार. प्रत्येक तुकड्यासाठी असा आकार शोधायचा की त्याची घट त्याच्या वाट्यात बसेल.

गॅससाठी नेहमी वापरतात त्या जड, म्हणजे सी क्लासच्या जीआय पाइपात ८० चा आतला व्यास सुमारे ७९ मिलिमीटर, ६५ चा ६७, ५० चा ५१ आणि ४० चा ४० मिलिमीटर असतो. पाचव्या घातामुळे इथे नावाचा आकडा नव्हे, आतला खरा व्यास धरावा लागतो. मुख्य पाइपासाठी ६५ चा पाइप घेतला तर एकट्या त्या तुकड्यातच १.०३ मिलिबार जातात. सगळे अंदाजपत्रक टीपर्यंतच संपले. ८० चा घेतला तर ०.४५ जातात, ते वाट्यात बसते. व्यास अठरा टक्क्यांनी वाढला आणि घट निम्म्याहून खाली आली. बॉयलर-घराच्या फांदीत ६५ च्या पाइपाने ०.२८ जातात, बसते. शेवटच्या तुकड्यात ४० चा पाइप ०.५० घेतो, बसत नाही. ५० चा ०.१५ घेतो, बसतो. तिन्हींची बेरीज ०.८८ मिलिबार, मर्यादेच्या आत.

स्वयंपाकघराच्या वाटेवर मुख्य पाइपाचे ०.४५ आधीच खर्च झालेले आहेत, म्हणजे पुढच्या प्रवासाला ०.५५ उरतात. १८ मीटरची फांदी एल्बो, टी आणि कॉक धरून २८ मीटर होते. १६ घनमीटरसाठी ४० चा पाइप घेतला तर ०.८३ जातील, तो बाद. ५० चा घेतला तर ०.२५. भिंतीलगतच्या हेडरमध्ये प्रवाह प्रत्येक उपकरणापाशी कमी होत जातो, पण तो शेवटपर्यंत पूर्णच आहे असे धरून १० मीटरला ५० च्या पाइपात ०.०९ येतात. तंदूरला उतरलेल्या २५ च्या पाइपात जेमतेम ०.०१५. एकूण ०.८० मिलिबार.

याहून सोपी एक पद्धत अमेरिकेत फार वापरली जाते. मीटरपासून सर्वांत दूरच्या उपकरणाची लांबी काढायची आणि प्रत्येक तुकडा तेवढ्याच लांबीचा आहे असे समजून तक्त्यातून आकार उचलायचा. इथे तंदूर सर्वांत दूर आहे, ८२ मीटरवर. त्या लांबीला ८० चा पाइप ५६ घनमीटर नेतो, म्हणून मुख्य पाइप ८० चाच राहतो. पण ६५ चा पाइप ३७ घनमीटरच नेतो आणि बॉयलर-घराला हवेत ३८, म्हणून तिथे ८० चा घ्यावा लागतो. शेवटचा तुकडाही ५० ऐवजी ६५ चा होतो. ही पद्धत थोडे जास्त लोखंड मागते, त्या बदल्यात चुकीला जागा ठेवत नाही. लहान कामासाठी ती चांगली. मोठ्या कामात तुकड्यांचा हिशेब करणेच योग्य, कारण त्यातून दाब कुठे खर्च होतो हे कळते.

कागदावर ०.८८ आले म्हणून काम संपत नाही. बॉयलर-घर कुठे आहे हे विचारावे लागते. नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्यामुळे तो वर चढताना त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत वाढतो आणि खाली उतरताना कमी होतो, दर मीटरला सुमारे ०.०५ मिलिबारने. पंचवीस-तीस मिलिबारच्या सिलिंडरच्या जोडणीत याकडे कोणी पाहत नाही, पण १ मिलिबारच्या हिशेबात ते लक्षणीय आहे. बॉयलर-घर तळघरात, मीटरच्या ४ मीटर खाली असेल, तर ०.१९ मिलिबार केवळ उतरण्यात गेले आणि एकूण घट १.०७ झाली. मर्यादा ओलांडली गेली. उपाय साधा आहे: बॉयलर-घराची फांदी ६५ ऐवजी ८० ची करायची. तिची घट ०.२८ वरून ०.१२ वर येते आणि एकूण ०.९१ मध्ये सगळे बसते. उलट, बॉयलर गच्चीवर असतील तर तेवढाच दाब फुकट मिळतो.

स्वयंपाकघराच्या वाटेवर आणखी एक खर्च लपलेला असतो. व्यावसायिक स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बंद पडला की गॅस आपोआप तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवतात, आणि तो बसवायलाच हवा. पण ५० च्या पाइपावर स्वस्त मिळतो म्हणून २५ चा व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना रिड्यूसर लावून बसवला जातो आणि पाइपाचा हिशेब पाण्यात जातो. १६ घनमीटर वायू २५ च्या व्हॉल्व्हमधून जाताना तो एकटाच १ मिलिबारच्या आसपास दाब खाऊ शकतो. ५० च्या व्हॉल्व्हमध्ये हीच घट ०.१ च्या घरात राहते. प्रत्येक व्हॉल्व्हचा आणि गाळणीचा प्रवाहानुसार घटीचा आलेख उत्पादक देतो. तो आकडा बेरजेत धरला नसेल तर बेरीज अपुरी आहे. या उदाहरणात स्वयंपाकघराचे ०.२० मिलिबार शिल्लक आहेत, त्यात मोठा व्हॉल्व्ह बसतो आणि लहान बसत नाही.

वायूचा वेग मात्र इथे चिंतेचा विषय नाही. ८० च्या पाइपात ५४ घनमीटर वायू सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेगाने जातो. ब्रिटिश मार्गदर्शनात गाळणी नसलेल्या पाइपासाठीही सेकंदाला २० मीटरपर्यंत वेग चालतो. कमी दाबाच्या जोडणीत वेगाची मर्यादा येण्याच्या कितीतरी आधी दाबाची मर्यादा आलेली असते.

खरे घोटाळे जोडणी सुरू झाल्यावर काही वर्षांनी होतात. समजा, या हॉटेलने बँक्वेट हॉल बांधला आणि त्याच्या नव्या स्वयंपाकघराचे १०५ किलोवॉट, म्हणजे ताशी १० घनमीटर, जुन्याच टीवर जोडले. नवी फांदी नीट मापाची टाकली, बॉयलर-घराच्या पाइपाला कोणी हातही लावला नाही. तरीही मुख्य पाइपातला प्रवाह ५४ वरून ६४ झाला आणि वर्गाच्या नियमाने तिथली घट ०.४५ वरून ०.६३ वर गेली. बॉयलरची एकूण घट आता १.०६. लग्नाच्या दिवशी दोन्ही स्वयंपाकघरे पूर्ण पेटली की कमी दाबाच्या स्विचवर तोलून असलेला बॉयलर बंद पडू शकतो. मग बर्नरचा तंत्रज्ञ येतो, स्विच आणि बर्नर तपासतो आणि त्याला काहीच सापडत नाही, कारण तो येतो तेव्हा लग्न उरकलेले असते आणि दाब पुन्हा नेहमीसारखा झालेला असतो. नवी चूल जोडताना हिशेब नव्या फांदीचा नव्हे, मीटरपासूनचा करायचा असतो.

महाराष्ट्रात आज याहून जास्त आढळणारा प्रकार म्हणजे सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर येणे. १९ किलोच्या सिलिंडरांच्या मॅनिफोल्डवर वर्षानुवर्षे चाललेल्या स्वयंपाकघरात पाइप आधीच असतो आणि तोच पुढे चालवावा असे मालकाला वाटते. एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूच्या जवळपास तिप्पट उष्णता असते, म्हणजे तेवढ्याच आचेसाठी आता त्याच पाइपातून जवळपास तिप्पट वायू न्यावा लागतो. नैसर्गिक वायू हलका असल्याने थोडी सवलत मिळते, पण दोन्हींचा गुणाकार केला तर घट अडीच ते पावणेतीन पट होते. शिवाय सुरुवातीचा दाबही एलपीजीपेक्षा कमी. बर्नरच्या जेट बदलून मोठ्या बसवल्या जातात, कारण त्याशिवाय चूल नीट पेटत नाही. पाइप तोच राहतो. मग नव्या गॅसला आचच नाही अशी तक्रार सुरू होते. दोष गॅसचा नसतो, पाइपाचा असतो.

मुख्य पाइप फार लांब असेल आणि ८० किंवा १०० चा पाइप नेणे परवडत नसेल, तर दाबच जास्त घेणे हा मार्ग आहे. मीटरपासून बॉयलर-घरापर्यंत १०० मिलिबारने वायू आणायचा आणि तिथे रेग्युलेटर लावून तो २१ वर उतरवायचा. जास्त दाबाच्या पाइपात सुरुवातीच्या दाबाच्या दहा टक्के घट चालवून घेतात, म्हणजे इथे १० मिलिबार. मग ४० मीटरच्या त्याच मुख्य पाइपाला ८० ऐवजी ५० चा पाइप पुरतो, त्यात सुमारे ४ मिलिबार जातात. बदल्यात प्रत्येक रेग्युलेटरबरोबर दाब वाढल्यास पुरवठा तोडणारा व्हॉल्व्ह, उघड्या हवेत नेलेला व्हेंट आणि दरवर्षीची तपासणी येते. ६०-७० मीटरच्या आतल्या जोडणीत जाड पाइप घालणे हेच बहुधा शहाणपणाचे, कारण पाइप एकदा घातला की त्याची देखभाल रेग्युलेटरइतकी करावी लागत नाही.

हिशेब बरोबर होता की नाही हे तपासायला यू-नळी किंवा मिलिबार मोजणारा डिजिटल मॅनोमीटर पुरतो. दोन्ही बॉयलर पूर्ण जोरावर आणायचे, स्वयंपाकघरातली प्रत्येक चूल पूर्ण उघडायची आणि त्या अवस्थेत मीटरच्या बाहेरचा दाब, बॉयलरच्या कॉकपाशी दाब आणि तंदूरच्या कॉकपाशी दाब वाचायचा. मीटरपाशी २१ आणि बॉयलरपाशी २० किंवा जास्त असेल तर पाइप ठीक. मीटरपाशी २१ टिकून बॉयलरपाशी १८ असेल तर दोष पाइपाचा किंवा मधल्या व्हॉल्व्हचा. मीटरपाशीच दाब खाली आला असेल तर पाइप फोडून काही उपयोग नाही, रेग्युलेटर किंवा पुरवठाच कमी पडतो आहे आणि ते काम गॅस कंपनीचे. फक्त एकच चूल पेटवून घेतलेले वाचन निरुपयोगी असते. प्रवाह एक दशांश असेल तेव्हा घट एक शतांश असते आणि कोणताही पाइप चांगलाच दिसतो.

ही चाचणी आणि पाइपाचे काम परवानाधारक फिटरनेच करायचे असते. हॉटेलमालकाने किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने त्याच्याकडून दोन कागद मागून घ्यावेत आणि मीटरच्या खोलीत लावावेत. एकावर प्रत्येक तुकड्याचा प्रवाह, धरलेली लांबी, आकार आणि घट असावी. दुसऱ्यावर सर्व उपकरणे चालू असताना मोजलेले तिन्ही ठिकाणचे दाब तारखेसह असावेत. पुढे नवे उपकरण जोडायची वेळ येईल तेव्हा येणारा फिटर पहिल्यांदा हेच दोन कागद विचारेल आणि ते नसतील तर त्याला सगळा पाइप मीटरपासून पुन्हा मोजावा लागेल.